अनुभव धागा: पोळल्यावर पहिली २० मिनिटं काय केलंत?

सांबारवडी_धंतोली: मागच्या रविवारी सांबारवडी तळताना तेल उडालं, मनगटावर रुपयाएवढं पोळलं. बहिणीनं दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला होता त्यात सांगितलेलं की नळाखाली २० मिनिटं हात धरा, पण मे महिना, दुपारचे साडेबारा, गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे चहाच! मग बांगड्या काढल्या (सूज आली की निघत नाहीत), माठातलं पाणी गंजात ओतलं आणि हात बुडवला, कोमट झालं की बदललं. दहाव्या मिनिटाला आग थांबली म्हणून हात काढला तर पुन्हा भगभग, परत बुडवला. व्हिडिओत हे दाखवायला पाहिजे होतं ना. तुमचं सांगा.

मनीषनगरचा_पक्या: एवढं काहून? फ्रीजमधला बर्फ लावायचा, दोन मिनिटात काम खतम. आमच्या घरी वरून कोलगेट.

वॉर्डातली_ताई: पक्याभाऊ, गार करायचं हे बरोबर, पण बर्फानं आधीच भाजलेली कातडी अजून खराब होते. आणि दोन मिनिटात वरची आग थांबते, आतली उष्णता राहते. कोलगेट, हळद, शाई लावून लोक येतात, मग ते खरवडून काढल्याशिवाय भाजलं किती खोल ते दिसतच नाही, आणि काढताना पेशंट ओरडून राहिला असतो. माठाचं पाणी चालतं, कूलरच्या टाकीतलं नको, घाण असतं. नंतर स्वच्छ न चिकटणारी पट्टी सैल बांधा, कापूस नको, फोड फोडू नका.

आजीची_नात: आमच्या आजीनं आयुष्यभर हळद-तूप लावलं, काही झालं नाही कोणाला. मी लावत नाही पण आजीला कोण समजवणार.

स्प्लेंडरवाला: व्हिडिओ नाही पाहिला. मला सायलेन्सर लागलं पोटरीला, पाच दिवस झाले. कोणतं मलम लावू? दुखत तर नाही विशेष, मधे पांढरं दिसते, बाजूनं लाल वाढून राहिलं. शुगर आहे मला.

वॉर्डातली_ताई: मलम विचारू नका, आजच डॉक्टरकडे जा. पांढरं आणि दुखत नाही म्हणजे खोल असू शकते, शुगरमधे तर तसंही कळत नाही, आणि लाली पसरणं म्हणजे बहुतेक इन्फेक्शन. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगा त्यांना. बाकीच्यांनी पण, स्वतःच्या तळहातापेक्षा मोठं, चेहरा, हात, सांधा, लहान लेकरू, करंट किंवा ॲसिड असलं तर घरी बसू नका.

सांबारवडी_धंतोली: माझाही फोड मनगटाच्या घडीवर आला म्हणून सोमवारी दाखवून आले. डॉक्टर म्हणे फुटला नाही तर राहू द्या. ताई, आपोआप फुटला तर?

स्प्लेंडरवाला: संध्याकाळी ऊन उतरलं की जातो.

वॉर्डातली_ताई: ऊन उतरायची वाट नका पाहू भाऊ, ऑटो करा.