मीटर नावावर करून घेतानाचे अनुभव सांगा

मृण्मयी: भावाने जुना फ्लॅट घेतलाय, काल फोनवर विचारत होता की मीटर नावावर करायला काय काय लागतं, आणि आमच्या वेळचं सगळं डोळ्यासमोर आलं. अर्ज, खरेदीखताची प्रत, ओळखपत्र, शेवटचं भरलेलं बिल हे सगळं होतं आमच्याकडे. अडलं ते जुन्या मालकाच्या संमतीपत्रावर. सुरक्षा ठेव त्यांच्या नावावर, ती आमच्याकडे वळवायची तर त्यांची सही हवी, आणि ते फोनच उचलेनात. शेवटी आम्ही नवीन ठेव भरली, जुनी त्यांची त्यांनी मागून घ्यायची, मग अर्ज पुढे सरकला. भावाला सांगितलंय, खरेदीखताच्या दिवशीच सही घे, नंतर कोणी सापडत नाही.

अनिकेत_प: आमचं काहीच अडलं नाही, ऑनलाइन झालं. थकबाकीचं टेन्शन घेऊ नका, जुन्याची बाकी जुन्याकडूनच वसूल करतात.

वायरमनकाका: अनिकेत, असं धरून चालू नका. बऱ्याच ठिकाणी बाकी त्या जागेला चिकटते, ती भरल्याशिवाय नाव बदलत नाहीत. ताबा घेताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, तारखेसकट, आणि तिथपर्यंतचं बिल जुन्या मालकाकडून भरून घ्या. आणि मृण्मयीताई, भावाला अजून एक सांगा. बिलावरचा मीटर नंबर खाली मीटरवर जाऊन ताडून बघायचा. मग घरात पंखा, दिवे चालू ठेवून एकाने मीटरपाशी उभं राहायचं, लाल दिवा लुकलुकत असतो. दुसऱ्याने घरातला मेन स्विच पाडायचा. लुकलुक थांबली तर मीटर तुमचा. नाही थांबली तर शेजाऱ्याचा मीटर तुमच्या बिलावर चढलाय, जुन्या इमारतीत वायरी उलटसुलट झालेल्या मी खूप पाहिल्यात. अर्जाआधी हे निस्तरा, नाहीतर चुकीचाच मीटर नावावर व्हायचा.

मृण्मयी: अरे बापरे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! आजच कळवते त्याला.

शुभदा जो: आमचं वेगळंच आहे, बाबा गेले, मीटर अजून त्यांच्याच नावावर. आई म्हणते राहू दे तसंच. मृत्यूचा दाखला आहे, पण बाकी वारसांची ना हरकत मागतायत आणि दादा परदेशात, त्याची सही कशी आणायची? आणि आईच्या नावावर बिल झालं की घरही तिचं होतं ना?

वायरमनकाका: नाही हो, बिल म्हणजे मालकीचा पुरावा नाही, फक्त वीज कोण वापरतंय आणि पैसे कोण भरतंय एवढंच. घराचं वारसाचं काम वेगळं करावं लागतं. दादाच्या सहीचं मात्र ऑफिसातच विचारा, कुठे स्कॅन चालतं, कुठे मूळ कागदच मागतात.

कौस्तुभ: खरेदीखतात बायकोचं आणि माझं दोघांचं नाव आहे, अर्ज मी एकट्याने केला तर तिची संमती पण जोडावी लागली. शिवाय ओळखपत्रावर वडिलांचं नाव पूर्ण, खरेदीखतात नुसतं आद्याक्षर, तेवढ्यावरून फाइल परत आली. एक प्रतिज्ञापत्र जोडलं तेव्हा घेतली.

शुभदा जो: दादाच्या पासपोर्टवर पण स्पेलिंग वेगळंच आहे 😟 ते चालेल का कोणाला माहितीये?