६० आणि ८० मधला फरक

>> वर्धा रोडवर ६० ऐवजी ८० ने गेलं तर ब्रेकला थोडंच जास्त अंतर लागेल ना?

थोडं नाही, पावणेदोनपट. हजार किलोच्या गाडीत ६० ला सुमारे १३९ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते, ८० ला २४७. कोरड्या डांबरावर करकचून दाबलेले ब्रेक दर मीटरला साधारण ७ किलोज्यूल काढतात, वेग कितीही असो. म्हणून पहिली गाडी २० मीटरमध्ये थांबते, दुसरीला ३५ लागतात.

खरी भीती वेगळीच आहे. पहिली जिथे उभी राहिली, तिथे दुसरीत १०८ किलोज्यूल शिल्लक असतात, म्हणजे वेग अजून ५३! वेगातली गाडी तेच २० मीटर कमी वेळात कापते, त्यामुळे वेग उतरायला अवधीच मिळत नाही. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच्या एका सेकंदातले २२ मीटर यात धरलेलेच नाहीत.