मदत हवी आहे : कॅरॅमल कापल्यावर पसरतात, एकमेकांना चिकटतात

२०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम ग्लुकोज सिरप, २०० मिली क्रीम आणि ५० ग्रॅम लोणी घेऊन कॅरॅमल केले. थर्मामीटरवर ११८ अंश सेल्सिअस दिसताच गॅस बंद केला. गार पाण्यात थेंब टाकला, तर गोळी झाली, पण बोटांत धरली की हळूहळू चपटी व्हायची. तिथेच थांबायला नको होतं.

रात्रभर गार करून सुरीला तेल लावून तुकडे केले आणि ताटात उघडेच ठेवले. संध्याकाळपर्यंत कडा ओघळल्या, तुकडे एकमेकांना चिकटले. बटर पेपरमध्ये गुंडाळलेले चार मात्र बरे राहिले, म्हणजे उघड्या तुकड्यांनी हवेतला ओलावा ओढला असावा.

नंतर थर्मामीटर उकळत्या पाण्यात धरला, तर १०२ दाखवतो! म्हणजे माझा पाक खरा ११६ लाच उतरला होता, पक्का गोळीबंद झालाच नव्हता.

आता दोन गोष्टी सांगा. हाच ऐवज थोडं पाणी घालून मंद आचेवर विरघळवून पुन्हा ११९-१२० पर्यंत नेला तर चालेल का, की क्रीम तळाला लागेल? आणि कापल्याबरोबर एकेक गुंडाळायला बटर पेपर बरा की सेलोफेन?