दोन धुण्यांत प्रिंटला भेगा का पडतात?

"मंडळाच्या टी-शर्टवरचा प्रिंट दोन धुण्यांतच तडकला. साबण वाईट की इस्त्री?"

दोन धुण्यांत तडकला म्हणजे बहुतेक शाई कच्ची राहिली. अशा छपाईची प्लास्टिसॉल शाई हवेवर वाळत नाही. तिच्यातले पीव्हीसीचे कण साधारण 160 अंशांना एकजीव होतात, आणि ही उष्णता थराच्या तळापर्यंत पोचावी लागते. वरचा पापुद्रा पक्का झाला की हाताला प्रिंट कोरडाच लागतो, आत मात्र कच्चा असतो. आपल्या बेळगाव-खानापूरकडे गणपतीची ऑर्डर ऐन पावसात येते. सुती कापड दमट असतं, बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते.

शहापुरातल्या आमच्या मंडळाच्या काळ्या शर्टांवर खाली पांढरा थर, वर भगवा होता. न धुतलेला एक घेऊन प्रिंट दोन्ही अंगठ्यांनी हळू ताणला. पक्का असता तर रबरासारखा परत आला असता. इथे बारीक भेगा पडल्या आणि तशाच राहिल्या. उरलेले न धुतलेले शर्ट हीट प्रेसवर पुन्हा भाजून घेतले, ते टिकले. भेगा पडलेले मात्र सांधत नाहीत.

धुणं हे नुकसान वाढवतं. ब्रश आणि धोपटणं भेगा रुंदावतात, मग कडा सुटतात. शर्ट उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. इस्त्री उलट्या बाजूनेच, आणि मध्ये जाड कापड घाला, नाहीतर प्रिंट दुसऱ्या बाजूच्या कापडाला चिकटतो. थेट फिरवली तर पक्का प्रिंटसुद्धा मऊ होऊन इस्त्रीला लागतो.