आडवा व्हिडिओ उभा करताना

> "द्राक्षाच्या गोडी छाटणीचा आठ मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर चालला. तोच कापून रीलला टाकला तर कात्रीच दिसेना."

दादा, गणित साधं आहे. १९२० बाय १०८० च्या आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की रुंदी जेमतेम ६०८ पिक्सेल उरते, म्हणजे एक तृतीयांश. तुमचा हात कडेला होता, तो गेला. उरलेलं ताणल्यामुळे चित्रही फुटतं.

निफाडच्या बागेत आम्ही आता फोरकेमध्येच शूट करतो. त्यातून उभा तुकडा १२१५ रुंद निघतो, रीलला पुरतो. काडी आणि कात्री मधल्या पट्ट्यात ठेवायची. खाली मजकूर आणि उजवीकडे बटणं येतात, म्हणून काडीवरचा डोळा फ्रेमच्या मध्यापेक्षा थोडा वर हवा.

यूट्यूबवर शेतकरी शोधत येतो, त्याला काडी कशी तपासायची हे सावकाश सांगा. रीलवर "राम राम मंडळी" नकोच. पहिल्याच सेकंदाला कात्री चालू दे, मग कोणता डोळा राखला ते एका वाक्यात सांगा. बागाईतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र मी फक्त तो कापाचा तुकडा आणि आपल्या बोलीतला आवाज पाठवतो. तिथे पार्श्वसंगीत अजिबात नको, लोक बागेत उभं राहून ऐकतात.