आय-20 म्हणजे व्हिसा नव्हे

«एजंटने चॅटमध्ये लिहिले आहे : ‘आय-20 आला की एफ-1 व्हिसा शंभर टक्के, नाहीतर पूर्ण पैसे परत.’ विश्वास ठेवावा का?»

ठेवू नये. आय-20 हे प्रवेशाचे प्रमाणपत्र अमेरिकी विद्यापीठ देते, एफ-1 या विद्यार्थी व्हिसाचा निर्णय मात्र मुलाखत घेणारा वाणिज्य दूतावासाचा अधिकारी घेतो. अमेरिकी स्थलांतर कायद्याच्या कलम 214(ब) नुसार अर्जदार तिकडेच स्थायिक होणार असे आधी गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचे अर्जदारालाच पटवून द्यावे लागते. तिथे एजंटचा शब्द चालत नाही.

‘पूर्ण पैसे’ हे शब्द मला अधिक खटकतात, कारण परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे 350 डॉलरचे सेव्हिस शुल्क आणि 185 डॉलरचे व्हिसा-अर्ज शुल्क अमेरिकी सरकारकडे जमा होते आणि नकारानंतर परत मिळत नाही. म्हणून कोणती रक्कम, किती दिवसांत परत करणार, हे एजंटकडून सहीनिशी लिहून घ्या.