मदत हवी आहे: पेटंटमधले दावे मालकांना समजतील असे कसे लिहू?

अनघा_सांगली

नमस्कार मंडळी. मी शेतीची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात हिशोब आणि ऑफिस सांभाळते. आमच्या शेंगा फोडायच्या मशीनसारख्याच मशीनवर दुसऱ्या एकाने भारतात पेटंट घेतलंय. मालक दोघे भाऊ, इंजिनिअर कोणीच नाही. त्यांना एका पानात हवंय की "यांनी नक्की काय अडवून ठेवलंय?" वकिलाकडे जायचंच आहे, पण आधी आम्हाला तरी कळायला हवं.

पेटंट मंजूर झालेलं आहे. दावा 1 इंग्रजीत एकाच लांबलचक वाक्यात आहे. मला कळला तो असा: चौकटीवर हॉपर, त्याखाली फिरणारा रोटर, त्यावर रबर लावलेल्या किमान तीन पट्ट्या, रोटरखाली अर्धगोल जाळी, जाळीखाली ब्लोअर, आणि मग "कॅरॅक्टराइज्ड इन दॅट" म्हणून, ती जाळी लवचीक आधारावर बसवलेली आहे, शेंगांचा दाब वाढला की खाली सरकते. 2 ते 5 हे दावे "दावा 1 प्रमाणे" असे सुरू होतात. 3 मध्ये लवचीक आधार म्हणजे कॉइल स्प्रिंग, असं आहे. 6 वेगळाच वाटतो: शेंगांवर पाणी शिंपडून झाकून ठेवायच्या, मग रबरी पट्ट्यांच्या रोटरखाली फोडायच्या, दाणे परत वाळवायचे.

माझा मसुदा: "हे पेटंट रबरी पट्ट्या आणि स्प्रिंगवरची जाळी असलेल्या शेंगा फोडणी यंत्राचं आहे." एवढं पुरे का?

यंत्रमित्र

ताई, पेटंट वाचायची एक युक्ती सांगतो. "कॅरॅक्टराइज्ड"च्या आधीचं सगळं जुनं असतं, ते सोडून द्या. पुढचं तेवढं नवीन, तेवढंच त्यांचं. म्हणजे खाली सरकणारी जाळी त्यांची, बाकी सगळं मोकळं. हॉपर आणि ब्लोअरवर कोण पेटंट देणार?

बळीराजा७२

मी सायकलच्या चाकाचं कोळपं बनवलंय, मागच्या वर्षी कृषी प्रदर्शनात मांडलं होतं. लोकांनी फोटोही काढले. त्याचं पेटंट मिळेल का? खर्च किती येतो?

दावा_क्रमांक_१

बळीराजा, तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यात प्रदर्शनाची तारीख फार महत्त्वाची आहे. वेगळा धागा काढा, तिथे बोलू. आणि तोवर अजून कुठे दाखवू नका.

अनघाताई, मी पेटंट एजंटांच्या ऑफिसात बरीच वर्षं मसुदे लिहितोय. यंत्रमित्रांचं अर्धं बरोबर आहे. "नवीन काय" एवढंच शोधायचं असेल तर ती युक्ती चालते. पण "अडवलंय काय" हे शोधताना आधीचा भागही तितकाच मोजायचा. दावा 1 म्हणजे हॉपर, रबरी पट्ट्यांचा रोटर, अर्धगोल जाळी, ब्लोअर आणि लवचीक आधार, हे सगळं एकाच यंत्रात. यातलं एक जरी तुमच्या मशीनमध्ये खरोखर नसेल, तर शब्दशः तुम्ही दावा 1 मध्ये येत नाही. उलट तुम्ही जास्तीचं काही जोडलंत, समजा दाण्यांची प्रतवारी करणारी चाळणी, तरी सुटका नाही. त्या वाक्यात "कंप्रायझिंग" असणार, म्हणजे एवढं तरी हवंच, जास्त असलं तरी चालेल.

यंत्रमित्रांचं वाक्य पानावर गेलं तर मालक समजतील की सरकती जाळी कुठेच वापरायची नाही. तसं नाही. लोखंडी पट्ट्यांच्या रोटरखाली तीच सरकती जाळी लावली, तर ती या दाव्याच्या शब्दांबाहेर आहे.

आता तुमचा मसुदा. त्यात "स्प्रिंग" हा शब्द सगळ्यात धोक्याचा. दाव्यात स्प्रिंग कुठे आहे? 1 मध्ये "लवचीक आधार" आहे, स्प्रिंग 3 मध्ये आली. लवचीक आधार म्हणजे फक्त स्प्रिंगच असती तर 3 वेगळा लिहायची गरजच नव्हती. म्हणजे 1 मध्ये स्प्रिंगपेक्षा जास्त काही बसतं, असंच वाचलं जाईल. मालकांच्या डोक्यात काय बदल आहे?

अनघा_सांगली

धाकटे मालक म्हणतात, स्प्रिंग काढू आणि जाळीखाली रबरी बुश देऊ. आमच्याकडे बुश पडूनच आहेत. माझं वाक्य वाचून ते खूश झाले होते, "बघ, स्प्रिंग त्यांची, बुश आपले" म्हणून.

दावा_क्रमांक_१

तेच म्हणतोय. दाब आला की रबर दबणार, जाळी खाली जाणार, आणि लवचीक आधार म्हणतात तो हाच. चित्रात कॉइल स्प्रिंग काढलेली असेल, पण चित्र हा नमुना असतो, कुंपण दाव्यातल्या शब्दांचं.

पानावर असं लिहा: "खालील पाच गोष्टी एकाच यंत्रात असतील तर पेटंटधारक आपल्याला अडवू शकतो. पाचवी गोष्ट म्हणजे दाबाने खाली सरकणारी जाळी. ती स्प्रिंगवर असो, रबरावर असो किंवा आणखी कशावर." शेजारी दुसऱ्या रकान्यात प्रत्येक गोष्टीपुढे तुमच्या मशीनमध्ये ती "आहे", "नाही" की "वाद होईल" हे लिहा. दावे 2 ते 5 एका ओळीत उरका. 1 मधून तुम्ही बाहेर असाल तर त्यांच्यातूनही बाहेरच.

पुणेरी_मेकॅनिक

बजाजच्या वेळी आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, दोन स्पार्क प्लग म्हणजे बजाजचं पेटंट! टीव्हीएसला कोर्टात खेचलं होतं ना?

दावा_क्रमांक_१

हो, आणि तिथेही गल्लीतला सारांश ढोबळच होता. दोन प्लगची इंजिनं जगात आधीपासून होती. बजाजचा दावा 45 ते 70 मिलिमीटर बोअरच्या लहान इंजिनाचा, त्यात विरळ मिश्रण दोन प्लगनी पेटवण्याचा होता. टीव्हीएसच्या फ्लेमला तीन व्हॉल्व्ह होते, त्यावर दोन्हीकडून भरपूर युक्तिवाद झाले. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा कुठपर्यंत पोचतो हे ठरवलं नाही, खटला लवकर संपवा म्हणून सांगितलं. शेवटी 2019 मध्ये तडजोड झाली. दहा वर्षं ज्यावर वकील भांडले ते "दोन प्लग" या दोन शब्दांत मावत नाही.

यंत्रमित्र

बरं, मान्य. मग जाळी घट्ट बोल्ट केली की विषय संपला ना? लवचीक आधारच नाही.

दावा_क्रमांक_१

दावा 1 पुरता बहुतेक हो. "बहुतेक" म्हणतो, कारण भाग बदलूनही काम तसंच, त्याच रीतीने होत असेल तर कोर्ट शब्दांपलीकडे बघू शकतं. घट्ट जाळी दाबाने सरकतच नाही, त्यामुळे मला फारशी भीती वाटत नाही.

पण 6 राहिला. तो 1 वर टेकलेला नाही, स्वतंत्र आहे, आणि त्यात जाळीचा उल्लेखच नाही. पानावर त्याला वेगळा परिच्छेद द्या.

अनघा_सांगली

अगं बाई. आमच्या मशीनसोबतच्या पुस्तिकेत लिहिलंय की बियाण्यासाठी फोडायच्या असतील तर शेंगांवर पाणी मारून झाकून ठेवा, दाणा फुटत नाही. पण पाणी आम्ही मारत नाही, शेतकरी मारतो! मग अडकणार कोण?

पुणेरी_मेकॅनिक

पाणी मारून फोडणं आमची आजीपण करायची. त्यावर पेटंट?

दावा_क्रमांक_१

आजी रबरी पट्ट्यांच्या रोटरखाली फोडायची का? तरी मुद्दा चांगला आहे. जुनी रीत छापील पुराव्यानिशी दाखवता आली तर 6 वर हल्ला करता येईल. पण ते पेटंट रद्द करण्याचं काम झालं, या पानाचं नाही.

अनघाताई, प्रक्रिया शेतकरी करतो आणि सूचना तुम्ही देता, अशा वेळी यंत्र विकणाऱ्याला धरता येतं का, याबद्दल आपल्या पेटंट कायद्यात सरळ कलम नाही. दोन वकील दोन उत्तरं देतील. पानावर "वाद होईल" असंच लिहा आणि पुस्तिकेतलं ते पान सोबत जोडा.

नोंदवही

ई-रजिस्टरमध्ये नूतनीकरणाची फी भरलीय का ते आधी पाहिलंत का? फी थकून पेटंट बंद पडलं असेल तर एवढी चर्चा कशाला?

अनघा_सांगली

पाहिलं, फी भरलेली आहे. पुस्तिकेची नवी छपाई पुढच्या आठवड्यात आहे. ते पाण्याचं वाक्य तोवर थांबवायला सांगू का मालकांना?

दावा_क्रमांक_१

थांबवा. वकिलाने बघितल्याशिवाय छापू नका.